नायट्रेट प्रकल्पाच्या नोंदी: 220 नॅनोमीटरवरचा बिघाड आणि मुदतवाढीची विनंती

4 मार्च

विहिरींच्या पाण्यातला नायट्रेट मोजण्यासाठी ठाऊक प्रमाणाची द्रावणे, म्हणजे स्टँडर्ड, तयार केले, त्यांच्या वाचनांची रेषा काढली. पद्धत तीच ठरलेली: 50 मिलि पाण्यात 1 मिलि 1N हायड्रोक्लोरिक आम्ल, मग स्पेक्ट्रोमीटरवर 220 नॅनोमीटरला ॲब्सॉर्बन्स, म्हणजे किती प्रकाश शोषला गेला त्याचे माप. नायट्रेट तिथे भरपूर प्रकाश शोषतो. पाण्यातले सेंद्रिय पदार्थही तिथे थोडेफार शोषतात, म्हणून 275 ला दुसरे वाचन घ्यायचे आणि त्याची दुप्पट पहिल्यातून वजा करायची. 275 ला नायट्रेट जवळपास काहीच शोषत नाही.

नायट्रेट-नायट्रोजनचे 1, 2, 4 आणि 6 मिलिग्रॅम प्रति लिटरचे स्टँडर्ड. वाचने 0.251, 0.499, 1.001, 1.497. म्हणजे दर मिलिग्रॅममागे 0.25. पट्टी ठेवावी इतकी सरळ रेषा. बरे वाटले.

5 मार्च

विहिरींच्या पाण्याची पहिली तुकडी, 12 नमुने. सगळे झाल्यावर 4 चे स्टँडर्ड पुन्हा लावले: 0.998. दिवसभरात यंत्र हलले नाही याचा हा पुरावा. वहीत तांबड्या पेनने लिहून ठेवला.

11 मार्च

दुसरी तुकडी, 13 ते 26 क्रमांकाचे 14 नमुने. पाणी काल आणले, रात्रभर 4 अंशांना ठेवले. आम्ल घालून टिकवलेले नाही, त्यामुळे 48 तासांच्या आत वाचन व्हायलाच हवे होते. यंत्र मला दोनच तास मिळाले. स्टँडर्ड पुन्हा लावले नाहीत, 4 तारखेचीच रेषा वापरली. शेवटी 4 चे स्टँडर्ड लावायचे तेही राहिले, कारण पुढची मुले दारात उभी होती.

प्रत्येक नमुना दोनदा वाचला. दोन्ही वाचने 0.003 च्या आत जुळत होती, म्हणून शंका आली नाही. 17 क्रमांक: ॲब्सॉर्बन्स 1.068, म्हणजे 4.27 मिलिग्रॅम प्रति लिटर.

13 मार्च

दहातला एक नमुना विरळ करून पुन्हा वाचायचा हा मॅडमचा नियम. मी 17 क्रमांक घेतला. मूळ पाणी, निम्मे केलेले आणि चौथाई केलेले, तिन्ही एकाच बाटलीतून अर्ध्या तासात.

मूळ पाणी: 1.068, म्हणजे 4.27.
निम्मे: 0.624, म्हणजे 2.50, दुप्पट केल्यावर 4.99.
चौथाई: 0.325, म्हणजे 1.30, चौपट केल्यावर 5.20.

एकाच पाण्याची तीन उत्तरे, आणि जितके विरळ करावे तितके उत्तर वर चढते. पिपेट चुकली असती तर फरक कधी वर, कधी खाली गेला असता. इथे तो एकाच दिशेने चालला आहे. तरी निम्मे करण्याची कृती पहिल्यापासून पुन्हा केली. 0.626. म्हणजे हात चुकला नव्हता.

48 तास उलटले आहेत, पण त्यामुळे हा फरक पडलेला नाही. नमुना शिळा झाला असता तर तिन्ही वाचनांत तो सारखाच शिळा असता.

14 मार्च

सकाळी नवे स्टँडर्ड केले. 1, 2, 4, 6 ची वाचने: 0.234, 0.457, 0.845, 1.109.

4 तारखेच्या रेषेवर हे ठिपके मांडले. पहिला ठिपका रेषेच्या जरासा खाली आणि सहाचा तर पार लोळलेला. रेषा वरच्या टोकाकडे आडवी होत जाते. जुन्या स्टँडर्डच्या बाटलीतूनही 6 चे वाचन घेतले, 1.111. म्हणजे द्रावण तयार करण्यात घोळ नाही, बिघाड यंत्रात आहे.

अशी वाकण भटक्या प्रकाशाची खूण असते. यंत्रात 220 चा म्हणून जो प्रकाश येतो, त्यात इतर तरंगलांबींचा थोडा प्रकाश मिसळलेला असतो. तो नायट्रेट शोषत नाही, सरळ डिटेक्टरपर्यंत पोचतो. पातळ द्रावणातून खरा प्रकाशही भरपूर येतो, त्यामुळे ही भेसळ जाणवत नाही. दाट द्रावणात खरा प्रकाश अडतो आणि भेसळ तेवढीच राहते. डिटेक्टरला वाटते प्रकाश अजून बराच येतो आहे, म्हणून तो ॲब्सॉर्बन्स कमी दाखवतो.

हिशोब असा, `T` म्हणजे खरा पारगमन अंश आणि `s` म्हणजे भटक्या प्रकाशाचे खऱ्या प्रकाशाशी प्रमाण:

```
A = -log10((T + s) / (1 + s))
```

`s` ला 0.05 धरले तर 1.5 च्या जागी 1.109 यायला हवे. माझे वाचन बरोबर तेवढेच. 1.0 च्या जागी 0.845. तेही तंतोतंत. पण आकडे जुळतात म्हणून कारण सिद्ध झाले असे नाही, ते वेगळे तपासायला हवे.

15 मार्च

आधी क्युव्हेट, म्हणजे नमुना ज्यात भरून यंत्रात ठेवतात ती छोटी पारदर्शक कुपी. प्लॅस्टिकची किंवा साध्या काचेची क्युव्हेट चुकून आली तरी नेमके हेच दिसेल. ती 220 चा प्रकाश गिळते. ब्लँक, म्हणजे शून्य लावायचे बिननायट्रेटचे पाणी, तेही त्याच क्युव्हेटमध्ये घेतलेले असते, म्हणून स्क्रीनवर शून्य दिसते आणि सगळे ठीक वाटते. प्रत्यक्षात खरा प्रकाश संपलेला असतो आणि भेसळच उरते. म्हणून रिकामी क्युव्हेट हवेच्या तुलनेत 220 ला वाचली: 0.08. चार पृष्ठभागांवरच्या परावर्तनामुळे एवढे येतेच. क्वार्ट्झ आहे, स्वच्छ आहे, क्युव्हेटचा दोष नाही.

मग पोटॅशियम आयोडाइड, लिटरला 10 ग्रॅम. हे द्रावण 220 चा प्रकाश पूर्ण अडवते, त्यामुळे पारगमन जवळजवळ शून्य दिसायला हवे. जे दिसेल तो भटका प्रकाश. द्रावण ताजेच हवे, उजेडात ठेवले तर आयोडीन सुटून पिवळसर होते. मी पंधरा मिनिटांपूर्वी केले होते, पाण्यासारखे स्वच्छ होते.

पारगमन: 4.8 टक्के.

दोन मिनिटे त्या आकड्याकडे बघत बसले. 0.05 ला 1.05 ने भागले की 4.76 टक्के येतात. कालचा हिशोब आणि आजची चाचणी एकाच जागी येऊन थांबले.

आणखी दोन गोष्टी पाहिल्या. प्रकाशाच्या वाटेत काळे पुठ्ठे घातले तर पारगमन 0.00. म्हणजे डिटेक्टरचे शून्य ठीक आहे, इलेक्ट्रॉनिक्सचा दोष नाही, खरोखरच प्रकाश येतो आहे. मग सोडियम नायट्राइट, लिटरला 50 ग्रॅम, 340 ला: 0.02 टक्के. म्हणजे खोट फक्त खालच्या अतिनील भागात आहे.

यंत्र सुरू होताना स्वतःची चाचणी करते आणि रोज ठीक सांगते. आज लक्षात आले की ती तरंगलांबी तपासते, ड्यूटेरियम दिव्याच्या 656.1 नॅनोमीटरच्या रेषेवरून. प्रकाश कमी असला तरी रेषा आपल्या जागीच दिसते. भटका प्रकाश ही चाचणी बघतच नाही.

16 मार्च

अहवालाची तारीख 21. मुदतवाढ मागावी लागणार. पहिला मसुदा सकाळी लिहिला: "स्पेक्ट्रोमीटरचा ड्यूटेरियम दिवा जुना झाल्यामुळे माझी वाचने चुकली आहेत, कृपया दोन आठवडे मुदत मिळावी." दुपारी वाचला आणि खोडला.

दिवा जुना झाला हे मला कुठून कळले? दिवा महिनोन्‌महिने थोडा थोडा मंदावतो. 5 तारखेला रेषा सरळ आणि 15 ला 5 टक्के भेसळ, दहा दिवसांत दिवा असा म्हातारा होत नाही. मी जे मोजलेच नाही ते कारण म्हणून लिहिले होते. शिवाय दोन आठवडे का, दहा दिवस का नाहीत, याचे उत्तर त्यात नव्हते. आणि 11 तारखेला मी स्टँडर्ड लावले नव्हते, हे तर मी सरळ गाळले होते. ते लावले असते तर बिघाड त्याच दिवशी सापडला असता आणि पाणी ताजे असताना दुसरा मार्ग काढता आला असता. बिघाड यंत्राचा, पण दोन दिवस माझ्यामुळे गेले.

संध्याकाळी दुसरा प्रश्न घेऊन बसले: जुनी वाचने सूत्राने दुरुस्त करता येतील का? 17 क्रमांकाचे 1.068 उलटे फिरवले. `s` 0.05 धरला तर 5.60 मिलिग्रॅम येतात. `s` 0.045 धरला तर 5.41, आणि 0.055 धरला तर 5.81. तीन आकड्यांत 0.4 चा फरक. 11 तारखेला `s` किती होता हे मोजलेलेच नाही, 15 चा आकडा 11 ला लावायला आधार नाही. वरच्या वाचनांत `s` मधली बारीक चूक उत्तरात मोठी होऊन येते. कमी नायट्रेटचे नमुने तरी वाचतील म्हणून पाहिले, पण 0.12 च्या आसपासही वाचन 5 टक्क्यांनी कमीच येते. 14 च्या 14 नमुने बाद.

275 ची दुरुस्तीही इथे कामाला येत नाही. ती सेंद्रिय पदार्थांसाठी आहे, 220 च्या भेसळीशी तिचा संबंध नाही.

17 मार्च

निरोप सकाळी 9 वाजता पाठवला. नोंदीसाठी इथे उतरवून ठेवते.

> आदरणीय मॅडम,
>
> नमस्कार. माझ्या नायट्रेट प्रकल्पाच्या अहवालाला 21 मार्चऐवजी 2 एप्रिलपर्यंत मुदत मिळावी, ही विनंती.
>
> 13 मार्चला 17 क्रमांकाचा नमुना विरळ करून वाचल्यावर उत्तरे जुळली नाहीत (4.27, 4.99, 5.20). 14 ला नवे स्टँडर्ड लावले. 6 मिलिग्रॅमचे वाचन 4 मार्चला 1.497 होते, ते आता 1.109 येते. 15 ला पोटॅशियम आयोडाइडने 220 नॅनोमीटरला 4.8 टक्के पारगमन मिळाले. 340 ला सोडियम नायट्राइटने 0.02 टक्केच आहे. क्युव्हेट आणि डिटेक्टरचे शून्य तपासले, दोन्ही ठीक आहेत. यावरून 220 ला भटका प्रकाश बराच वाढला आहे, एवढे निश्चित सांगता येते. तो कशामुळे वाढला हे मला माहीत नाही.
>
> 5 मार्चच्या 12 नमुन्यांना धक्का लागलेला नाही. त्या दिवशी शेवटी लावलेले 4 चे स्टँडर्ड 0.998 होते. 11 मार्चचे 14 नमुने मात्र बाद धरावे लागतील. त्या दिवशी मी स्टँडर्ड पुन्हा लावले नाहीत आणि शेवटची तपासणीही केली नाही. ही माझी चूक आहे. ती केली असती तर बिघाड दोन दिवस आधी कळला असता.
>
> नमुने आम्ल न घालता ठेवलेले होते आणि 48 तासांची मर्यादा उलटली आहे, त्यामुळे पाणी पुन्हा आणावे लागेल. यंत्र दुरुस्त झाल्यावर एक दिवस तपासणीला, एक दिवस पाणी आणायला, एक दिवस वाचनाला आणि तीन दिवस लिखाणाला लागतील. दुरुस्ती 25 पर्यंत होईल असे धरून आणि दोन दिवस हाताशी ठेवून 2 एप्रिल ही तारीख लिहिली आहे. दुरुस्ती लांबली तर 26 लाच कळवीन.
>
> पहिल्या तुकडीचा भाग 21 लाच देऊ शकते. वहीच्या पानांचे फोटो सोबत जोडले आहेत.
>
> आपली विद्यार्थिनी

दुपारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावले. वहीचे पान समोर उघडेच होते.

"14 चे स्टँडर्ड वाकलेल्या रेषेत बसतात ना? मग त्याच वक्र रेषेवरून 11 ची वाचने का काढत नाहीस? भटका प्रकाश स्थिर असेल तर वक्र रेषाही चालते."

मी म्हटले, "स्थिर असेल तर चालते, मॅडम. पण 11 ला तो तेवढाच होता हे दाखवायला त्या दिवसाचे एकही स्टँडर्ड माझ्याकडे नाही."

त्यांनी मान हलवली. "हेच ऐकायचे होते. आणि शेजारच्या खोलीतले यंत्र?"

त्यात फक्त टंगस्टन दिवा आहे, 220 ला ते आंधळे. त्यावर करायचे तर आधी नायट्रेटचे नायट्राइट करायचे, मग रंग आणून 543 ला वाचायचे. ते होऊ शकते, पण मग 12 नमुने एका पद्धतीचे आणि 14 दुसऱ्या पद्धतीचे. दोन तुकड्यांतला फरक पाण्याचा की पद्धतीचा, हे सांगता येणार नाही. तो फरक पाहणे हाच तर माझा प्रकल्प आहे.

मॅडमनी मुदत 2 एप्रिलपर्यंत दिली. अट दोन: पहिल्या तुकडीचा भाग आणि बिघाडाची नोंद 21 ला, आणि दुरुस्तीनंतर आयोडाइडची चाचणी त्यांच्यासमोर. जाताना म्हणाल्या, "कारण माहीत नाही असे लिहिलेस ते बरे केलेस. तंत्रज्ञ उद्या येतोय, त्याला हेच आकडे दाखव."

18 मार्च

तंत्रज्ञाने आधी दिव्याचे तास पाहिले, 610. म्हणजे दिवा अजून चांगला. मग झाकण काढले. या यंत्रात दोन दिवे आहेत, वरच्या तरंगलांबींना टंगस्टन आणि खाली ड्यूटेरियम. मध्ये एक छोटा आरसा फिरून दिवा निवडतो. ड्यूटेरियमवर जाताना आरसा शेवटच्या थांब्यापर्यंत पोचत नव्हता, अगदी थोडा आधीच अडकत होता. त्याच्या अक्षावरचा स्क्रू सैल होता आणि दाताचा एक कोपरा झिजला होता.

त्याने पांढरा कागद स्लिटसमोर धरला आणि मला वाकून बघायला सांगितले. ठिपका स्लिटच्या बाजूला पडलेला, निम्म्याहून जास्त बाहेर. आरशाच्या कडेने टंगस्टनची पिवळसर तिरीप आत शिरत होती. एकीकडे खरा प्रकाश कमी, दुसरीकडे नको तो जास्त. म्हणून भेसळ एवढी मोठी. या यंत्रात 350 च्या खाली ड्यूटेरियमच लागतो, म्हणजे 340 लाही तोच. तरी 340 ला काही दिसले नाही, कारण तिथे डिटेक्टर आणि प्रकाशाच्या तरंगलांबी वेगळ्या करणारी जाळी दोन्ही जास्त चांगले काम करतात, खरा प्रकाश तिथे पुरेसा उरतो आणि तिथली गाळणी टंगस्टनची तिरीप अडवते. हे तंत्रज्ञाने सांगितले, मी लिहून घेतले.

स्क्रू आवळून आज काम चालवता आले असते. पण झिजलेला दात पुन्हा सरकेल, असे तो म्हणाला. नवा भाग मागवला आहे, 25 ला येईल.

दिवा जुना झाला असे लिहून पाठवले असते तर कदाचित नवा दिवा मागवला गेला असता, आणि आरसा तसाच राहिला असता.

21 मार्च

पहिल्या तुकडीचा भाग दिला. बिघाडाची नोंद दोन पाने, आलेखासह.

26 मार्च

भाग काल बसला. आज मॅडमसमोर चाचणी. ताजे आयोडाइड, 220: पारगमन 0.02 टक्के. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, दिवा पाच वेळा मागे-पुढे बदलला, प्रत्येक वेळी आयोडाइड वाचले. पाचही वेळा 0.03 च्या आत. मग स्टँडर्ड: 0.250, 0.501, 0.999, 1.498.

28 मार्च

पाणी काल आणले. तुकडीच्या आधी चारही स्टँडर्ड, मध्ये सात नमुन्यांनंतर 4 चे, शेवटी पुन्हा 4 चे. 1.000, 0.997, 1.002.

17 क्रमांकाची विहीर, नवे पाणी. मूळ: 5.47. निम्मे करून दुप्पट: 5.49. चौथाई करून चौपट: 5.44.